वीस वर्षांच्या मला, पन्नाशीच्या दिवशी

प्रिय तू,

आज पन्नास पूर्ण झाली. चष्मा डोक्यावर ठेवून तोच घरभर शोधत होते, तेव्हा तुझी आठवण आली. तू आत्ता त्या निळ्या वहीत पुढच्या 10 वर्षांचे बेत लिहीत असशील. लिही, खुशाल लिही. त्यातलं पोहणं तेवढं जमलं, तेही 43व्या वर्षी, नाकातोंडात पाणी जाऊन!

पहिल्या मुलाखतीत घाबरून गप्प बसलीस, ते आता कुणालाच आठवत नाही. मला आठवतं, पण हसू येतं. बाबांशी सहा महिने अबोला धरलास, तो मात्र अजून सलतो. तुला दोष देत नाही गं. मीच होते ती.

वही कपाटात आहे. शेवटची चार पानं कोरीच राहिलीत.

तुझीच,
मी