अन्नविश्लेषण प्रात्यक्षिक : लेखी प्रश्नपत्रिका (ओलावा, राख, स्निग्धांश व क्रूड प्रथिने)

बी.एस्सी. अन्नविज्ञान, तिसरे वर्ष, सत्र ५. वेळ २ तास, एकूण गुण ४०.

सूचना : सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे. सर्व निरीक्षणे ज्वारीच्या पिठाच्या एकाच नमुन्याची असून वजने ग्रॅममध्ये दिली आहेत. अंतिम टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावी आणि ती मूळ (ओल्या) नमुन्यावर आहे की शुष्क आधारावर आहे, हे प्रत्येक ठिकाणी नमूद करावे. आधार न लिहिलेल्या उत्तरास अंकगणित बरोबर असले तरी निम्मेच गुण मिळतील. केवळ सूत्र उतरवल्यास गुण नाहीत. साधा गणकयंत्र वापरता येईल.

प्रश्न १. (९ गुण)
रिकाम्या झाकणदार बशीचे वजन २४.३१६० आणि पिठासह वजन २९.३२८० होते. १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवून, दर वेळी डेसिकेटरमध्ये थंड करून घेतलेली वजने क्रमाने २८.८३१०, २८.८२२२ आणि २८.८२१८ अशी आली. ओलाव्याची टक्केवारी काढा आणि दुसऱ्या वजनावर न थांबता तिसरे वजन का घेतले ते लिहा. बशी गरम असतानाच तराजूवर ठेवली तर वजन कोणत्या दिशेने चुकते आणि का, हेही स्पष्ट करा. हीच पद्धत गुळाला आणि लवंगेला जशीच्या तशी लावता येत नाही. दोन्ही पदार्थांत कमी झालेल्या वजनात पाण्याखेरीज काय काय धरले जाईल ते सांगून प्रत्येकासाठी एक योग्य पर्यायी पद्धत सुचवा. (दोन्हींची कारणे वेगळी आहेत. एकच उत्तर दोनदा लिहू नये.)

प्रश्न २. (६ गुण)
मुशीचे वजन ३१.२०४५ व नमुना ३.००६० होता. ५५० अंशांच्या मफल भट्टीतून काढल्यावर राखेत काळे कण दिसत होते आणि वजन ३१.२६०१ भरले. विद्यार्थिनीने थंड राखेवर पाण्याचे काही थेंब टाकले, ती जपून वाळवली आणि पुन्हा भट्टीत ठेवली. आता राख करडी-पांढरी झाली व वजन ३१.२५२६ आले. राखेची टक्केवारी काढा, काळे कण कशाचे होते आणि पाण्याच्या थेंबांनी नेमके काय साधले ते सांगा. वेळ वाचवण्यासाठी तापमान ८०० अंशांवर नेले असते तर कोणते क्षार गमावण्याचा धोका होता?

प्रश्न ३. (७ गुण)
४.००८० ग्रॅम पीठ थिंबलमध्ये तोलून, थिंबलसह वाळवून, पेट्रोलियम ईथरने सॉक्सलेट उपकरणात निष्कर्षण केले. रिकाम्या फ्लास्कचे वजन ९८.४१२० होते. द्रावक उडवून एक तास वाळवल्यावर ते ९८.५३२३, आणखी एका तासाने ९८.५३२१, तर फ्लास्क ओव्हनमध्येच रात्रभर विसरल्यावर ९८.५३४९ झाले. गणनेसाठी कोणते वजन घ्याल आणि शेवटचे वजन वाढले कसे? त्यावरून स्निग्धांश काढा. नमुना न वाळवताच निष्कर्षण केले असते तर आकडा कमी येण्याची शक्यता का असते, हे दोन-तीन वाक्यांत लिहा.

प्रश्न ४. (१३ गुण)
१८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी मांडलेल्या पद्धतीने १.००२० ग्रॅम पिठाचे पाचन, ऊर्ध्वपातन व अनुमापन केले. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल नमुन्यासाठी ११.७० मिलिलिटर आणि कोऱ्या चाचणीसाठी ०.२० मिलिलिटर लागले.
(अ) नायट्रोजनची व ६.२५ गुणकाने क्रूड प्रथिनांची टक्केवारी काढा. हा गुणक प्रथिनांत सरासरी किती टक्के नायट्रोजन गृहीत धरतो? दुधासाठी ६.३८ आणि शेंगदाण्यासाठी ५.४६ का वापरतात?
(आ) पाचनात पोटॅशियम सल्फेट व कॉपर सल्फेट यांची कामे वेगवेगळी आहेत, ती सांगा. अमोनिया पकडणाऱ्या बोरिक आम्लाचे आकारमान काटेकोर मोजण्याची गरज का नसते?
(इ) सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावरही एका फ्लास्कमधील तांबेयुक्त द्रव फिकटच राहिला, गडद झाला नाही. काय चुकले असेल आणि त्याचा निकालावर काय परिणाम होईल?
(ई) २००८ मध्ये चीनमध्ये दूध पावडरीत मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. मेलामाइनमध्ये वजनाने सुमारे ६६.६ टक्के नायट्रोजन असतो. १०० ग्रॅम मिश्रणात १ ग्रॅम मेलामाइन असेल तर ६.२५ गुणकाने किती ग्रॅम ‘प्रथिने’ फुकट वाढलेली दिसतील? ‘क्रूड’ हा शब्द अहवालातून का वगळू नये, हे या उदाहरणावरून लिहा.

प्रश्न ५. (५ गुण)
वरील चारही उत्तरे वापरून तंतूंसह कर्बोदकांची टक्केवारी वजाबाकीने काढा आणि प्रथिनांचा आकडा शुष्क आधारावर मांडा. ओलावा प्रत्यक्षापेक्षा ०.५० टक्क्याने कमी मोजला गेला, तर ती चूक कर्बोदकांच्या आकड्यात कुठल्या दिशेने जाऊन बसेल, आणि शुष्क आधारावरील प्रथिनांत ती वाढ घडवेल की घट?