दुसरीचं प्रकट वाचन: धावती नोंद, गुणतक्ता आणि पुढचं काम
(करवीर तालुक्यातील आपल्या केंद्रातल्या दुसरीच्या वर्गशिक्षकांसाठी)

गेल्या शिक्षण परिषदेत ठरल्याप्रमाणे रनिंग रेकॉर्डची, म्हणजे धावत्या नोंदीची, पद्धत लिहून देत आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी ती रुजवली. मूल वाचतं, आपण ऐकत ऐकत प्रत्येक शब्दावर खूण करतो, एवढंच तिचं स्वरूप. 'निपुण भारत'मध्ये दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे, म्हणून आपण सगळे घड्याळाकडे बघतो. पण मूल किती शब्द वाचतं यापेक्षा कुठे आणि कसं चुकतं हे कळलं, तरच उद्याच्या तासाला काय घ्यायचं ते ठरतं.

तयारी

मुलानं आधी न वाचलेला, साधारण 60 शब्दांचा उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला नको, अर्ध्या वर्गाला तो पाठ असतो. एक प्रत मुलाला, एक आपल्याला. मोबाईलचं स्टॉपवॉच मुलाला दिसणार नाही असं ठेवा. परिपाठानंतर वर्गाला लेखनकाम देऊन रोज दोन मुलं व्हरांड्यात घ्या. पोषण आहाराच्या आधीचा अर्धा तास टाळलेला बरा, फोडणीचा वास आला की लक्ष तिकडेच.

सुरुवातीला म्हणा, "ही गोष्ट मला वाचून दाखव. अडलं तर प्रयत्न कर, घाई नाही." नंतर गप्प बसायचं. चुकलं तरी भुवई वर जाऊ द्यायची नाही. मूल अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा आणि मग शब्द सांगा.

खुणा आणि मोजणी

बरोबर शब्दावर ✓. वेगळा शब्द वाचला तर तो मूळ शब्दाच्या वर जसाच्या तसा लिहा. गाळलेल्या शब्दावर आडवी रेघ, जादा शब्दाला ^, आपण सांगितलेल्या शब्दाला 'सां'. या चारही प्रकारांत प्रत्येकी एक चूक धरा. अख्खी ओळ गाळली तर तिच्यातला प्रत्येक शब्द चूक. पुन्हा वाचलं तर 'पु', स्वतःहून दुरुस्त केलं तर 'स्व'. या दोन्हींची चूक धरायची नाही. विशेषनाम वारंवार चुकलं तरी एकदाच मोजा.

बोलीचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. 'पाणी'चं 'पानी', 'होता'चं 'व्हता' झालं तर मुलानं शब्द वाचलेला आहे, तो फक्त आपल्या घरच्या तोंडानं म्हटलाय. चूक नाही. मूल एरवी बोलताना तसंच म्हणतं का, एवढं बघा.

उतारा (60 शब्द)

1. पन्हाळ्याजवळ एका गावात आजोबांचा उसाचा मळा होता. (7)
2. मळ्यात आजोबांनी गुऱ्हाळ सुरू केले. (12)
3. सकाळी बैलगाडीतून ऊस आला. (16)
4. चरकातून हिरवट रस वाहू लागला. (21)
5. मोठ्या काहिलीत रस उकळला. (25)
6. मीना काहिलीजवळ जाऊ लागली. (29)
7. आजोबा म्हणाले, "थांब, चटका बसेल!" (34)
8. मग त्यांनी केळीच्या पानावर गरम गूळ दिला. (41)
9. मीनाने फुंकर मारून गूळ खाल्ला. (46)
10. थोडा गूळ आईसाठी डब्यात ठेवला. (51)
11. घरी आई हसून म्हणाली, (55)
12. "डब्यात गुळापेक्षा मुंग्याच जास्त आहेत!" (60)

प्रश्न: मळा कोणाचा होता? आजोबांनी मीनाला का थांबवलं? मीनानं गूळ खाण्याआधी काय केलं? आई का हसली?

भरलेला गुणतक्ता (आर्यन, इयत्ता दुसरी; नाव बदललं आहे)

| ओळ | काय वाचलं | चूक | स्व |
|---|---|---|---|
| 1 | पन्हाळ्याजवळ: "पन्हा… पन्हाळ्या…" सां | 1 | – |
| 1 | मळा: "मला… मळा" | – | 1 |
| 2 | गुऱ्हाळ: "गुराळ" (बोली) | – | – |
| 3 | बैलगाडीतून: "बैलगाडीत" | 1 | – |
| 4 | चरकातून: "चरकात" | 1 | – |
| 5 | मोठ्या: "मोठा… मोठ्या" | – | 1 |
| 7 | म्हणाले: "म्हनाले" (बोली) | – | – |
| 8 | केळीच्या: "केळी" | 1 | – |
| 9 | पूर्ण ओळ पु | – | – |
| 12 | मुंग्याच: "मुंग्या" | 1 | – |
| | एकूण | 5 | 2 |

अचूकता: (60 − 5) ÷ 60 × 100 = सुमारे 92 टक्के
स्वदुरुस्ती: (5 + 2) ÷ 2 = 3.5, म्हणजे साडेतीन वेळा अडखळला की एकदा स्वतः सावरतो
वेग: 1 मिनिट 50 सेकंद; 55 × 60 ÷ 110 = मिनिटाला 30 बरोबर शब्द
आकलन: 4 पैकी 3 (आई का हसली, हे सांगता आलं नाही)
लय: दोन-दोन शब्दांचे तुकडे, पूर्णविरामाला थांबतो, अवतरणातलं बोलणं सपाट

95 टक्क्यांपासून वर उतारा त्या मुलाला सोपा, 90 ते 94 शिकवण्याजोगा, 90 च्या खाली अवघड. आर्यनसाठी हा उतारा शिकवण्याजोगा आहे.

तक्ता काय सांगतो

फक्त 30 हा आकडा बघितला असता तर त्याला पुन्हा बाराखडी आणि जोडाक्षरांना बसवलं असतं. पण तो 'काहिलीत', 'उकळला', 'खाल्ला' नीट वाचतो. त्याच्या पाच चुकांपैकी चार शब्दाच्या शेपटीत आहेत: तून, तून, च्या, च. पाचवा शब्दही 'जवळ'शीच अडला. शब्दाचं तोंड बघून तो शेवट अंदाजानं उरकतो. मराठीत अर्थ नेमका तिथेच बसलेला असतो. 'मुंग्याच'मधला 'च' गेला आणि शेवटची गंमतही गेली. आकलनाचा चुकलेला प्रश्न तोच आहे, हे लक्षात घ्या.

पुढे काय

आर्यनसाठी दोन आठवडे रोज दहा मिनिटं शब्दपट्ट्या: मळा, मळ्यात, मळ्यातून, मळ्याजवळ, मळ्यातच. शेपटी रंगीत खडूनं लिहायची आणि वाक्यात घालून विचारायचं: "बैलगाडीत ऊस आला की बैलगाडीतून? फरक काय?" मग त्याच पातळीचा छोटा उतारा आधी आपण वाचायचा, नंतर सोबत, नंतर त्यानं एकट्यानं दोनदा. अडला की "चित्र बघून ओळख" म्हणू नका. त्यानं अंदाजाची सवय आणखी घट्ट होते. "शेवटपर्यंत बोट ने" म्हणा.

90 च्या खाली असलेल्या मुलाला सोपा उतारा देऊन पुन्हा नोंद घ्या. तिथेही अडलं तर अक्षरं, मात्रा, अनुस्वार, रफार वेगवेगळे तपासा आणि जे कच्चं निघेल तेवढंच घ्या, सगळी बाराखडी नको. 95 च्या वर पण संथ असलेल्या मुलाला अचूकतेचा सराव देऊन उपयोग नाही. त्याला तोच उतारा पुन्हा पुन्हा आणि संवाद पात्रांत वाटून वाचायला द्या. वेग भरपूर पण प्रश्नांना उत्तर नाही, असं मूल तपासणीत हमखास हुशार ठरतं. त्याला थांबवून "आता काय झालं?" विचारत वाचायला लावा.

गट टक्क्यांवर पाडू नका, चुकीच्या प्रकारावर पाडा. शेपटी गाळणारी मुलं एका चटईवर, जोडाक्षराला अडणारी दुसऱ्या. गुण वर्गात वाचून दाखवायचे नाहीत, भिंतीवर तर नाहीच. पालक भेटीत आर्यनच्या आईंना एवढंच सांगा: "ताई, रात्री दहा मिनिटं त्याचं वाचन ऐका. अडला तर लगेच सांगू नका, जरा थांबा."

दोन आठवड्यांनी त्याच पातळीचा नवा उतारा घेऊन पुन्हा नोंद करा. वेग 30 वरच राहिला पण शेपट्या जागेवर आल्या, तर शब्दपट्ट्या बंद करून वेगाचं काम सुरू करा. पुढच्या शिक्षण परिषदेला प्रत्येकानं भरलेले तीन तक्ते आणावेत. आकडे नकोत, खुणांसकट कागद आणा.