आठवड्याला 7 टक्के? दादा, आधी ते शेअर कुठे आहेत ते बघू

दादा, शेअरच्या ॲपमध्ये पैसे भरायची तुमची टिप नीट वाचली. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. आपल्याला चार पैसे मिळाले, तर ओळखीच्यांनाही मिळावेत असं वाटणं चांगलंच आहे. पण लिंक मागणाऱ्यांमध्ये दोघांनी मुलीच्या लग्नाची एफडी मोडायची भाषा केली, म्हणून गप्प बसवत नाही.

तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर दुरुस्त करा. एका ॲपवर तुम्हाला 'संस्थात्मक खातं' मिळालं. त्यात 1 लाख भरले. आठवड्याला 7 टक्क्यांची हमी आहे. आयपीओ हमखास लागतो, ब्लॉक डीलमधून, म्हणजे बड्या लोकांच्या ठोक सौद्यातून, शेअर बाजारभावापेक्षा 20 टक्के स्वस्त मिळतात. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही 12 हजार काढलेत आणि ते खरोखर बँकेत आले. ॲपवर आज 1 लाख 46 हजार दिसतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं सर्टिफिकेटही तुम्ही पाहिलंय.

आधी 7 टक्क्यांचा हिशोब करू, कारण त्याला कॅल्क्युलेटर सोडून काही लागत नाही. आठवड्याला 7 टक्के आणि नफा तिथेच ठेवला, तर 1 लाखाचे वर्षभरात सुमारे 33 लाख 70 हजार होतात. दुसऱ्या वर्षाअखेर 11 कोटींच्या पुढे. तिसऱ्या वर्षाअखेर 380 कोटींच्या वर. ज्याच्याकडे हे यंत्र आहे तो माणूस तुमच्या-माझ्या लाखभर रुपयांसाठी दिवसभर मेसेज का पाठवत बसेल? घर गहाण ठेवून बँकेचं कर्ज घेतलं तरी त्याला वर्षाला साधारण 9-10 टक्के व्याज पडेल, म्हणजे त्याच्या दीड आठवड्याची कमाई. त्याला आपली गरजच नाही.

आता 'संस्थात्मक खातं'. हा प्रकार नवा नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सेबीने नेमक्या याच थापेबद्दल जाहीर सावध केलं होतं. परदेशी संस्थागत गुंतवणूकदारांच्या नावाने ॲप उतरवायला लावतात, डिमॅटशिवाय शेअर घेता येतील आणि आयपीओत खास फायदा मिळेल असं सांगतात. सेबीचं म्हणणं स्पष्ट आहे: भारतात राहणाऱ्या माणसाला, मोजके अपवाद सोडले, तर तो मार्ग खुला नाही आणि शेअर बाजारात थेट व्यवहार करायला नोंदणीकृत ब्रोकरकडे ट्रेडिंग खातं आणि डिमॅट खातं लागतंच.

हमखास आयपीओचं बघू. आपण छोटे गुंतवणूकदार 2 लाखांपर्यंत अर्ज करतो, तेव्हा पैसे आपल्याच बँक खात्यात अडकवून ठेवले जातात, कुणाच्या खात्यात जात नाहीत. शेअर लागले तरच कापले जातात. मागणी जास्त असेल तर किमान एक लॉट कुणाला द्यायचा हे सोडतीने ठरतं, आणि ती सोडत आयपीओच्या वाटपाचं काम बघणारा रजिस्ट्रार काढतो, ब्रोकर नाही. बड्या संस्थांनाही मागणीच्या प्रमाणातच शेअर मिळतात, मागितले तेवढे नाहीत. मग आधीच हमखास मिळतात ते कुणाला? अँकर गुंतवणूकदारांना. त्यांना इश्यू उघडायच्या आदल्या दिवशी वाटप होतं, हे खरं. पण त्या शेअरपैकी अर्धे 30 दिवस आणि उरलेले 90 दिवस विकता येत नाहीत. तुमच्या ॲपने तर लिस्टिंगच्या दिवशी सकाळीच सगळे विकून नफा जमा केला म्हणता. म्हणजे छोट्या माणसाची सोडत नाही, मोठ्याचं बंधन नाही. दोन्हीकडचं गोड तेवढं उचललंय. असा तिसऱ्या रांगेतला माणूस शेअर बाजाराच्या नियमांत नाही.

ब्लॉक डीलमध्ये एका सौद्याची किमान रक्कमच कोटींत असते, आणि भावही आदल्या बंद भावापासून मोजक्या टक्क्यांच्या पट्ट्यातच ठरावा लागतो. 20 टक्के खाली सौदा टाकला तर एक्स्चेंजची यंत्रणा तो घेणारच नाही. यावर आणखी बोलण्यात अर्थ नाही.

सर्टिफिकेटबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. त्यावरचा नोंदणी क्रमांक बऱ्याचदा खरा असतो. सेबीच्या साइटवर टाकला की नावही येतं. फक्त ती कंपनी दुसरीच असते आणि तिला या ॲपचा पत्ताही नसतो. म्हणून क्रमांक जुळला एवढ्याने भागत नाही. त्या नोंदणीकृत कंपनीचा फोन नंबर सेबीच्याच साइटवरून घ्या आणि विचारा, 'हे ॲप तुमचं का?' मेसेजमध्ये आलेल्या नंबरवर फोन केला तर 'हो, आमचंच' हे उत्तर ठरलेलं आहे. आणखी एक. सेबीच्या नियमांत कोणताही ब्रोकर किंवा सल्लागार परताव्याची हमी देऊ शकत नाही. म्हणजे कागद खरा असला तरी 7 टक्क्यांची हमी देताना तो माणूस नियम मोडतोच आहे.

आता तुमचे 12 हजार. 'मला मिळाले ना राव!' हे तुमचं सगळ्यात जोरदार वाक्य होतं आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं.

मिळाले, मान्य. पण जमाखर्च मांडा. तुमच्या खिशातून 1 लाख गेले, 12 हजार परत आले. आज तुमचे 88 हजार बाहेर आहेत. ते 12 हजार शेअरच्या नफ्यातून आले, का तुमच्याच 1 लाखातून, का तुमच्या नंतर भरणाऱ्याच्या पैशातून, हे तुमच्या बँक पासबुकावरून कळत नाही. मात्र ते कुणाच्या नावाने आले ते कळतं. एवढी एक ओळ उघडून बघा. ब्रोकरकडून पैसे आले तर ब्रोकरचं नाव असतं. तिथे कुठल्या एंटरप्रायझेसचं, ट्रेडर्सचं किंवा अनोळखी माणसाचं नाव असेल, आणि भरताना दर वेळी वेगळा खाते क्रमांक दिला असेल, तर ती भाड्याने घेतलेली खाती असायची दाट शक्यता आहे.

सुरुवातीला पैसे देणं हा या धंद्याचा खर्चच असतो. चार्ल्स पाँझीने 1920 मध्ये बोस्टनमध्ये 45 दिवसांत 50 टक्के देतो म्हणून पैसे गोळा केले, तेव्हा पहिल्या लोकांना त्याने ते दिलेही. टपालाची आंतरराष्ट्रीय कूपनं स्वस्तात घेऊन महाग विकतो, असं त्याचं म्हणणं. हिशोब केल्यावर दिसलं की जमवलेल्या पैशांच्या मानाने सुमारे 16 कोटी कूपनं फिरत असायला हवी होती आणि प्रत्यक्षात होती 27 हजारांच्या आसपास. आपल्याकडे दादरला टोरेसच्या दुकानासमोर जानेवारी 2025 मध्ये गर्दी उसळली, तीही आठवड्याच्या परताव्यासाठीच. त्यातल्या कित्येकांना आधीचे हप्ते मिळालेले होते, आणि म्हणूनच त्यांनी नातेवाइकांनाही आणलं होतं. हप्ता मिळालेला माणूस त्यांचा सगळ्यात चांगला एजंट असतो, आणि त्याला कमिशनही द्यावं लागत नाही. दादा, हे तुम्हाला लागेल असं बोललो, पण दुसरा शब्द सापडत नाही.

पुढे काय होतं तेही सांगून ठेवतो. एके दिवशी ॲपवर येईल, 'अभिनंदन, आपल्याला 6 लाखांचं अलॉटमेंट लागलं'. तुमच्याकडे तेवढे नसतील, तर उरलेले भरा, नाहीतर खातं गोठेल आणि आधीचेही जातील. माणूस सोनं ठेवतो, भावाकडून उसने घेतो. मग सगळे पैसे काढायला गेलात की म्हणतील, आधी नफ्यावर 20 टक्के टॅक्स भरा. हा आकडा मुद्दाम निवडलेला असतो, कारण वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर जुलै 2024 पासून दर खरोखर 20 टक्के आहे. पण तो ब्रोकरला द्यायचा नसतो. तो आपण ॲडव्हान्स टॅक्स म्हणून किंवा रिटर्न भरताना सरकारला देतो. स्वतःचे पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरा असं कुठलाही खरा ब्रोकर म्हणत नाही. टॅक्स भरला की दंड निघतो, दंड भरला की खातं तपासणीत जातं, आणि शेवटी मेसेज पाठवणाऱ्या मॅडमचा डीपी दिसेनासा होतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. तुमचे शेअर खरे असतील तर त्यांच्या खुणा ॲपच्या बाहेर असणारच. प्रत्येक सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट 24 तासांत ईमेलवर येते. तुमच्या पॅनवर डिमॅट असेल तर डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून एकत्रित स्टेटमेंट येतं, व्यवहार झालेल्या महिन्याचं तर हमखास. त्यात तुम्हाला लागलेल्या आयपीओचं नाव शोधा. तो आयपीओ खरा असेल तर रजिस्ट्रारच्या साइटवर पॅन टाकून अलॉटमेंट बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. यातलं काहीच नसेल, तर 1 लाख 46 हजार हा फक्त कुणीतरी टाइप केलेला आकडा आहे.

आणि आज रात्रीच सगळी रक्कम काढायची विनंती टाकून बघा, 12 हजार नाही, सगळी. कारण काहीही सांगितलं, टॅक्स, लॉक-इन, अपग्रेड, तरी एक रुपयाही जास्त भरू नका. भांडू नका, त्यांना कळू देऊ नका. चॅट, खाते क्रमांक, पैसे पाठवल्याचे यूटीआर नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि 1930 वर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार टाका. शेवटचे पैसे केव्हा भरलेत त्यावर बरंच अवलंबून आहे, कारण पुढच्या खात्यातून रक्कम निघून जायच्या आत गोठवता आली तरच परत मिळायची आशा असते. काही तासांचाही फरक पडतो. मग आपल्या बँकेलाही कळवा. 'पैसे सोडवून देतो' म्हणणारा कुणी वकील किंवा हॅकर नंतर आपणहून फोन करेल, त्याला तर अजिबात काही देऊ नका.

लिंक मागितलेल्यांनो, दादांचं स्टेटमेंट येईपर्यंत थांबा. एफडी आठवडाभराने मोडली तरी काही बिघडत नाही. दादा, स्टेटमेंटमध्ये ते शेअर दिसले तर मला सांगा, मी लिहिलेलं सगळं मागे घेतो. नाही दिसले आणि तक्रार लिहायला कुणी सोबत हवं असेल, तर मी रात्री 9 नंतर मोकळा असतो.