बाळ घरी नेताना: दूध, कावीळ आणि पहिले पंधरा दिवस
(प्रसूती वॉर्ड, डिस्चार्जच्या वेळी द्यायचं पत्रक, पावसाळा)

बाय, अभिनंदन! हे पत्रक पिशवीच्या तळाला टाकू नको, घरी गेल्यावर पलंगाजवळ भिंतीला चिकटव आणि आईला नाहीतर सासूबाईंना एकदा वाचून दाखव, अर्धं त्यांच्यासाठीच लिहिलंय.

आधी कावीळ, कारण घरी गेल्यावर तीच चढते

बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी झाक येते, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत वाढते आणि मग आपोआप उतरते. म्हणजे तू डिस्चार्ज घेऊन घरी पोचलीस की तिचा जोर सुरू, आणि आपल्याकडे बाळंतिणीची खोली कशी असते ते माहितीये ना, खिडकी बंद, बाहेर पाऊस, आत पिवळा बल्ब. त्या उजेडात सगळीच बाळं पिवळी दिसतात नाहीतर कुठलंच दिसत नाही. म्हणून रोज सकाळी एकदा बाळाला पडवीत दारापाशी आण, वाऱ्यात नाही, उजेडात. कपाळ किंवा छाती बोटाने हलकं दाबून सोड, दाबलेल्या जागी पिवळं दिसतं का बघ. बाळ सावळं असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघ, तिथे फसत नाही. कावीळ तोंडापासून खाली उतरत जाते, तोंड, छाती, पोट, मांड्या, शेवटी तळहात-तळपाय.

यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी यायचं:
- जन्मल्यापासून 24 तासांच्या आत पिवळं दिसलं
- पिवळेपणा मांड्या-पायांपर्यंत उतरला (तळपाय पिवळे म्हणजे तर निघच, चहा पण घेत बसू नको)
- बाळ झोपाळू झालं, पाजायला उठत नाही, अंग ढिलं पडलंय
- किंचाळल्यासारखं कर्कश रडतंय, अंग मागे धनुष्यासारखं ताणतंय
- शू गडद पिवळी, लंगोटाला डाग पडतात, किंवा शी चुन्यासारखी पांढरट (ही शी कधीच नॉर्मल नसते, बाळ कितीही गुटगुटीत असलं तरी)
- 14 दिवस झाले तरी पिवळेपणा गेला नाही

तुझा रक्तगट ओ किंवा निगेटिव्ह असेल, बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल, किंवा आधीच्या मुलाला काविळीसाठी लाईटखाली ठेवलं असेल तर जास्त लक्ष ठेव. कावीळ फार चढली तर मेंदूला इजा होते आणि ती भरून येत नाही. वेळेत आलीस तर निळ्या लाईटखाली (फोटोथेरपी) बहुतेक बाळांची कावीळ एक-दोन दिवसांत उतरते, दूध चालूच राहतं.

"जरा उन्हात धरा" हे सगळे सांगतात. एक तर आषाढात ऊन कुठून आणायचं, आणि ऊन असलं तरी तो उपचार नाही, बाळ भाजतं नाहीतर गारठतं. गळ्यात माळ घालायची असेल तर दवाखान्यातून आल्यावर बघू.

अजून एक, आजीच्या ट्रंकेतल्या मऊ लुगड्यांची दुपटी करतो ना आपण, त्या ट्रंकेत डांबरगोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक एन्झाइम कमी असतं, त्या गोळ्यांच्या वाफेने त्यांच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ झपकन चढते. तुझं बाळ त्यातलं आहे की नाही हे बघून कळत नाही, तेव्हा तसले कपडे नकोच.

दूध

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, पिवळसर, घट्ट आणि थोडासाच. टाकू नको. बाळाचं पोट तेवढंच असतं आणि त्याने पहिली काळी शी बाहेर पडते, त्या शीबरोबर कावीळ पण. "दूधच येत नाय गो" म्हणून वरचं दूध, मध, साखरपाणी, गुटी, ग्राईपवॉटर काही नको, सहा महिने पाणीसुद्धा नाही. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाज, रात्री पण. बाळ झोपलंय म्हणून चार-चार तास सोडायचं नाही, तळपायाला गुदगुली कर, दुपटं काढ, उठव.

पुरतंय का ते शू सांगते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले आणि शी पिवळी. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत परत जन्माइतकं येतं.

कसं धरायचं: मांडीवर आडवं घेतलंस तर डोकं कोपरात, त्याचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं, मान वळलेली नको. तोंड नीट लागत नसेल तर उजव्या बाजूला पाजताना डाव्या हाताने धर, तळवा पाठीवर, बोटं कानांमागे, उजव्या हाताने स्तनाला आधार. सिझर झालंय तर टाक्यांवर भार नको, उशीवर ठेवून काखेत धर, पाय तुझ्या पाठीकडे, भाजीची पिशवी काखेला मारतो तसं. नाहीतर कुशीवर झोपून दोघं समोरासमोर, त्याचं नाक तुझ्या बोंडासमोर, पण पाजताना तुलाच झोप लागणार असेल तर कोणाला तरी जवळ बसव.

बोंड वरच्या ओठाला लाव, बाळाने मोठा आ केला की बाळाला स्तनाकडे आण, तू वाकू नको. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग वर जास्त दिसतो खाली कमी. चोखताना मचमच आवाज नाही, गिळल्याचा हळू आवाज येतो. दुखत राहिलं तर ओढून काढू नको, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घाल, सुटतं, परत लाव. चिरा बहुतेक चुकीच्या लागण्यामुळेच पडतात. स्तन दगडासारखे झाले तर पाजत राहा, हाताने थोडं काढ. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाटली नको.

तू पोटभर जेव. पेज, कुळथाची पिठी, अळिवाचे लाडू, भाज्या, आणि हो, बांगडा-तारली चालते, चाळीस दिवस नुसता वरणभात खाऊन अंगात काय राहणार.

बाकीचं

नाळेला काही लावायचं नाही, तेल नाही, हळद नाही, राख नाही. कोरडी ठेव, पंधरा दिवसांत पडते. आजूबाजूला लाल झालं, पू आला तर दाखव. डोळ्यांत काजळ, कानानाकात तेल नको. खोलीत शेगडीची धुरी नको, बाळाच्या छातीला धूर झेपत नाही, शेक घ्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने तू घे. बाळाला उताणं झोपव, टोपडं-मोजे घाल, आणि गार लागलं तर कपडे काढून छातीशी कातडीला कातडी लावून घे, वर चादर, यापेक्षा भारी हिटर नाही. दुपटी वाळत नसतील तर इस्त्री फिरव.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येईल, वजन करील. दीड महिन्याला लस.

थांबू नको

दूध ओढत नाही, मिनिटाला 60 पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, ताप किंवा अंग गार, झटके. तुला ताप, जास्त रक्तस्राव, वास येणारं पाणी, स्तनात लाल दुखरी गाठ, तरी पण. 102 किंवा 108 ला फोन कर, गाडीचे पैसे लागत नाहीत. ओरोसला पाठवायची वेळ आली तर पावसात रस्त्यालाच दोन तास जातात, तेव्हा रात्री शंका आली तर उजाडायची वाट बघू नको. निघायच्या आधी बाळाला पाज, छातीशी धर, फाईल घे.