अभिप्राय : ‘लोणारचं पाणी गुलाबी का झालं?’

संपादक मंडळास,

दिवाळी अंकासाठी आलेला हा लेख दुरुस्त्या करून घ्यावा, असं माझं मत आहे.

जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी दिसू लागलं तेव्हा लोकांनी नाना तर्क लढवले. लेखिका त्यांत अडकलेली नाही. पाणी आटलं, क्षार वाढले, मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं, ही साखळी तिने इतकी सरळ मांडली आहे की दहावीच्या मुलालाही ती एका वाचनात कळावी. ‘हॅलोआर्किया’ हे नाव एकदाच देऊन पुढे ‘मीठप्रिय सूक्ष्मजीव’ म्हटलंय, तेही छान. मात्र पुढच्या परिच्छेदात त्यांनाच ‘शैवाल’ म्हटलं आहे, ते चूक. सुरुवातीला संशय शैवालावर होता, त्यातून हा घोळ झाला असावा. आर्किया हा सजीवांचा वेगळाच गट आहे. शैवालही नाही आणि जिवाणूही नाही.

सर्वांत मोठी अडचण सामूच्या वाक्यात आहे. लेखात म्हटलंय, “समुद्राच्या पाण्याचा सामू 8.1, लोणारचा 10.5, म्हणजे लोणारचं पाणी सुमारे सव्वापट अल्कधर्मी.” आकडे बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा. सामूच्या पट्टीवर एक अंक चढला की अल्कधर्मीपणा दहापट होतो. त्यामुळे 2.4 अंकांचा फरक म्हणजे जवळजवळ अडीचशेपट! वाचकाला थक्क करणारी गोष्ट हाताशी असताना ती सव्वापटीवर आली, याची मला खरंच हळहळ वाटली. सामू वगळू नये, ही दहापटीची गोष्ट एका वाक्यात सांगावी.

विवराचं वय ‘52 हजार वर्षं’ असं ठाम दिलं आहे. दुसऱ्या पद्धतीने केलेल्या कालमापनात ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं आहे. फरक दहापटीहून जास्त असल्याने दोन्ही आकडे द्यावेत. वैज्ञानिकांत मतभेद आहेत हे कळल्याने सामान्य वाचक गोंधळत नाही, उलट त्याचं कुतूहल वाढतं. ‘बसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर’ हे विधान काढावं. ब्राझीलमध्येही अशी विवरं आहेत. ‘अशी विवरं जगात मोजकीच, आणि लोणार त्यांतलं उत्तम टिकून राहिलेलं’ एवढं पुरेसं आहे.

जड शब्द एकच खटकला : ‘मॅस्केलिनाइट’. तो चार वेळा येतो आणि अर्थ कुठेच नाही. उल्का आदळताना बसलेल्या जबर धक्क्याने खडकातल्या एका खनिजाची झालेली काच, असं लिहिलं तर हे विवर ज्वालामुखीचं नाही हे कशावरून ठरलं, तेही वाचकाला तिथल्या तिथे कळेल. सध्या लेखात तो पुरावा आहे, पण या नावाआड दडलेला आहे.

दुरुस्त मसुद्यातला सामूचा परिच्छेद छपाईआधी मला दाखवावा.