सराव-उदाहरण: फोटोतले तिरके क्षितिज

रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर काढलेल्या एका फोटोत क्षितिज तिरके आले आहे. फोटो 2500 × 1800 पिक्सेलचा आहे. झूम करून क्षितिजावरचे चार बिंदू वाचले: (500, 1210), (1000, 1230), (1500, 1240), (2000, 1240). y वरून खाली मोजला आहे.

(अ) लंब प्रक्षेप वापरून या बिंदूंची लघुतम वर्ग रेषा काढा.
(ब) क्षितिज आडवे करायला फोटो किती अंशांनी फिरवावा लागेल?
(क) उरलेल्या त्रुटींवरून काय दिसते?

उकल

(अ) आकडे आटोपशीर करून घेऊ: X = (x − 500)/500, Y = (y − 1200)/10. आता X = 0, 1, 2, 3 आणि b = (1, 3, 4, 4).

Y = c + mX ही रेषा चारही बिंदूंतून जायची तर b हा सदिश (1, 1, 1, 1) आणि (0, 1, 2, 3) यांनी व्यापलेल्या प्रतलात असायला हवा. तसा तो नाही, कारण Y मधली वाढ 2, 1, 0 अशी बदलते. म्हणून त्या प्रतलातला b च्या सर्वांत जवळचा सदिश p घ्यायचा, म्हणजेच b चा लंब प्रक्षेप.

इथे बरेच जण फसतात. हा काटकोन R⁴ मधला आहे, फोटोतला नव्हे. फोटोत आपण बिंदूपासून रेषेवर लंब टाकत नाही. फक्त उभे अंतर मोजतो.

प्रतलाचा लंब आधार घेतला की समीकरणे सोडवत बसावे लागत नाही. (0, 1, 2, 3) मधून सरासरी 1.5 वजा करून दुप्पट करू:

u = (1, 1, 1, 1), v = (−3, −1, 1, 3), u·v = 0

b·u / u·u = 12/4 = 3
b·v / v·v = (−3 − 3 + 4 + 12)/20 = 1/2

p = 3u + v/2 = (1.5, 2.5, 3.5, 4.5)

म्हणून Y = X + 1.5. मूळ पिक्सेलमध्ये:

y = 1205 + x/50

ताळा: e = b − p = (−0.5, 0.5, 0.5, −0.5). e·u = 0 आणि e·v = 1.5 − 0.5 + 0.5 − 1.5 = 0. त्रुटींच्या वर्गांची बेरीज 1, म्हणजे 100 चौरस पिक्सेल.

(ब) चढ 1 धरून 45° लिहू नका. दोन्ही अक्षांचे एकक वेगळे होते. खरा चढ 1/50, म्हणून कोन सुमारे 1.15°. y खाली वाढतो, तेव्हा क्षितिज उजवीकडे उतरते आहे. फोटो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने तेवढा फिरवावा.

(क) प्रत्येक बिंदू रेषेपासून 5 पिक्सेल दूर आहे, पण चिन्हांचा क्रम बघा: −, +, +, −. टोकांचे बिंदू रेषेच्या वर, मधले खाली. क्षितिज फोटोच्या मध्यापासून (y = 900) बरेच खाली आहे, आणि भिंगामुळे सरळ रेषा मध्यापासून बाहेर फुगते तेव्हा अशीच खोलगट दिसते. चारच बिंदूंवर ठाम सांगता येणार नाही, वाचनातली चूकही असू शकते. आणखी सात-आठ बिंदू वाचा, X² चा स्तंभ जोडा आणि प्रक्षेप पुन्हा काढा.