साहित्य महोत्सव समारोप: आभारप्रदर्शन

सन्माननीय व्यासपीठ, आपल्या मुख्याध्यापिका बाई, पालकहो आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आभारप्रदर्शन सुरू झालं की सभागृहातल्या चपला सरकायला लागतात, हा अनुभव मला नवीन नाही. त्यातून खालून बटाटेवड्यांचा वास येतोय, म्हणजे माझी स्पर्धा कोणाशी आहे ते मला कळतंय. थोडक्यात बोलते.

आपल्या प्रमुख पाहुण्या आज कर्जतहून सकाळची लोकल पकडून आल्या. गाडी पाठवतो म्हटलं, तर म्हणाल्या, "लोकलमध्ये मला गोष्टी सापडतात." मॅडम, तुमच्यासाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवली होती. ती रिकामीच राहिली, कारण तुम्ही दीड तास पाचवीच्या मुलांमध्ये सतरंजीवर बसलात. सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "तुम्हाला शाळेत निबंधात किती मार्क मिळायचे?" आम्ही शिक्षक जरा दचकलोच. तुम्ही हसून सांगितलंत, "दहापैकी पाच. बाई म्हणायच्या, विषय सोडून लिहितेस." त्यानंतर जी टाळी पडली, ती आजची सगळ्यात मोठी टाळी होती. उद्यापासून आमच्याकडे विषय सोडून लिहिलेले निबंध येणार, याची मराठीच्या शिक्षकांनी तयारी ठेवावी! मॅडम, मनापासून आभार.

काल कवितेची कार्यशाळा घेणाऱ्या सरांनी यमक न जुळवता कविता होते, हे मुलांना पटवून दिलं. कथाकथन स्पर्धेच्या दोन्ही परीक्षकांनी नुसते गुण दिले नाहीत, तर प्रत्येक मुलाला कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. बक्षीस न मिळालेली मुलंही तो कागद घरी घेऊन गेली. तुम्हा तिघांचे आभार.

आपलं ठाणं पुस्तकांच्या बाबतीत श्रीमंत गाव आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून इथे आहे. २०१० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात भरलं होतं. इथे बसलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता, पण पालकांपैकी काहीजण नक्की गेले असतील. मुलांनो, आज घरी त्यांना विचारा.

काल सकाळी आपली ग्रंथदिंडी गोखले रोडवरून निघाली. शनिवार, त्यात बाजाराची वेळ. तिथली वाहतूक थांबवणं म्हणजे काय, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. वाहतूक पोलिसांनी आमच्या पालखीला वाट करून दिली. एका रिक्षावाल्या दादांनी तर रिक्षा बाजूला लावून ग्रंथांवर फुलं वाहिली. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, पण आभार त्यांचेही. लेझीम पथकातल्या मुली उन्हात न थांबता खेळल्या. त्यांना तयार करणाऱ्या क्रीडाशिक्षक सरांचे विशेष आभार. सर, तुमचा आवाज बसलाय, आता दोन दिवस शिट्टीच वाजवा.

मुख्याध्यापिका बाई, "परीक्षा तोंडावर आहे" हे वाक्य तुम्ही एकदाही उच्चारलं नाहीत. शिक्षकांच्या वतीने त्याबद्दल आभार. चित्रकलेच्या सरांनी आणि त्यांच्या मुलांनी जुन्या वर्तमानपत्रांतून ही कमान उभी केली. ग्रंथपाल बाईंनी कपाटांच्या किल्ल्या मुलांच्या हातात दिल्या. ज्यांना ग्रंथपाल बाई माहीत आहेत, त्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल.

आमचे शिपाई मामा आणि मावशी काल रात्री शेवटी घरी गेले आणि आज सकाळी सगळ्यांच्या आधी आले. त्या दोघांनी जरा उभं राहावं अशी विनंती आहे. मावशी, लाजू नका. मुलांनो, टाळ्या!

पालकसंघाने दोन्ही दिवस खाण्यापिण्याची जबाबदारी घेतली. पुस्तकविक्रेत्यांनी सवलत दिली, आणि पैसे कमी पडलेल्या मुलांना "उद्या दे" म्हणून पुस्तकं हातात ठेवली. तो उद्या सोमवारी आहे. पैसे वर्गशिक्षकांकडे जमा करा, विसरू नका.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही. नववीने महिनाभर मधली सुट्टी सोडून हस्तलिखित तयार केलं. आठवीच्या एका मुलीची आई घरकाम करते. तिने आईच्या दिवसावर लिहिलेली कविता आईसमोर वाचली. वाचताना तिचा आवाज कापला, पण कविता तिने पूर्ण केली. बाळा, तुझे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, म्हणून सभा संपल्यावर येऊन भेट.

कोणाचं नाव राहिलं असेल तर रागावू नका, वडा खाताना मला सांगा.

शेवटची सूचना. ध्वनिक्षेपकाच्या टेबलावर पाण्याच्या तीन बाटल्या, एक चष्मा आणि डाव्या पायाचा एक बूट जमा झाला आहे. बूट कोणाचा आहे, त्याने लंगडत का होईना पण येऊन घेऊन जावा. वडे तळमजल्यावर, आधी पाचवी-सहावी, मग बाकीचे.

सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं. धन्यवाद.